चुकलेली नमाज: आजारपण, प्रवास आणि नियमांचा इतिहास

मंडळी, आजचा आपला विषय आहे इस्लाममधली पाच वेळची नमाज. ती कशासाठी सांगितली गेली, आणि आजारपणामुळे किंवा प्रवासामुळे ती चुकली तर काय करायचं, असे दोन प्रश्न आपल्यासमोर आहेत. वरवर पाहता पहिला प्रश्न श्रद्धेचा वाटतो आणि दुसरा नियमांच्या पुस्तकाचा. पण इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण या विषयाकडे पाहतो, तेव्हा लक्षात येतं की हे दोन्ही प्रश्न एकाच गाठीला बांधलेले आहेत. ती गाठ ज्या प्रसंगात पडली, तिथूनच सुरुवात करू.

इ.स. ६२८ साल. हिजरी सन सातवं. प्रेषित मुहंमद आणि त्यांचे सहकारी खैबरच्या मोहिमेवरून मदीनेला परत चालले होते. रात्रभर चाल झाली, माणसं थकली, तेव्हा पहाटेच्या आधी थोडा विसावा घ्यायचं ठरलं. पहाटेची नमाज चुकू नये म्हणून जागं राहायची जबाबदारी हजरत बिलाल यांच्यावर दिली गेली. बिलाल उगवतीकडे तोंड करून उंटाला टेकून बसले, आणि त्यांचाही डोळा लागला. सगळ्या काफिल्याला जाग आली ती अंगावर ऊन आल्यावर. सर्वांत आधी जागे झाले ते स्वतः प्रेषित. पहाटेची वेळ तर निघून गेली होती.

आता पुढे काय झालं, ते महत्त्वाचं आहे. इमाम मुस्लिम यांच्या हदीससंग्रहात ही हकिकत आहे. बिलाल यांना शिक्षा झाली नाही. ज्याने तुमचा जीव झोपेत ओढून घेतला त्यानेच माझाही घेतला, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं आणि ते मान्य झालं. उंट थोडे पुढे हाकले गेले, वजू झाला, आणि सूर्य वर आलेला असतानाच पहाटेची नमाज रांगेत उभं राहून नेहमीसारखी अदा झाली. मग प्रेषितांनी नियम सांगितला: जो नमाज विसरेल त्याने आठवण येताच ती पढावी. आणि त्याला आधार म्हणून त्यांनी कुराणातल्या विसाव्या सूरेतली चौदावी आयत सांगितली. तिथे ईश्वर मूसा यांना म्हणतो की माझ्या स्मरणासाठी नमाज कायम कर.

इथे क्षणभर थांबू. ही आयत नमाजेचा हेतू सांगणारी आहे. नमाज कशासाठी, तर स्मरणासाठी. आणि तीच आयत चुकलेल्या नमाजेचा नियम म्हणून वापरली गेली. म्हणजे स्मरण हा हेतू, आणि पुन्हा स्मरण झालं की तीच भरपाईची वेळ. ही गाठ आपण मनात ठेवली, तर पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते समजत जातात.

आता हेतूबद्दल थोडं अधिक. परंपरेनुसार मेअराजच्या रात्री, म्हणजे हिजरतच्या आधी मक्केत असतानाच, पाच नमाजा फर्ज झाल्या. आधी पन्नास सांगितल्या गेल्या, त्या कमी होत होत पाचवर आल्या, आणि पाचांचं पुण्य मात्र पन्नासांचंच राहिलं, अशी ती हकिकत आहे. इतिहासकार या हकिकतीकडे कसं पाहतात हा वेगळा विषय. पण मुस्लिम समाजाने त्यातून काय घेतलं ते स्पष्ट आहे: सवलत ही नंतर कुणी काढलेली पळवाट नाही, ती नमाजेच्या जन्मकथेतच आहे.

आणखी एक हदीस अशी की जिब्रील दोन दिवस आले आणि काबागृहापाशी त्यांनी प्रेषितांना नमाज दाखवली. पहिल्या दिवशी प्रत्येक नमाज वेळेच्या सुरुवातीला, दुसऱ्या दिवशी त्यातल्या बहुतेक नमाजा वेळेच्या शेवटाकडे, आणि मग सांगितलं की या दोहोंच्या मधली ती वेळ. म्हणजे नमाजेची वेळ हा घड्याळातला एक ठोका नाही. तो एक पट्टा आहे. फजरचा पट्टा पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत. जुहरचा सूर्य माथ्यावरून कलल्यापासून. मग असर, मग सूर्यास्तानंतर मगरिब, आणि संधिप्रकाश विझल्यावर इशा. दिवसभराची कामं करणारा माणूस या पट्ट्यात कुठेही नमाज पढू शकतो. पट्टा संपला, की नमाज चुकली. अशी चुकलेली नमाज नंतर पढणं म्हणजे ‘कजा’.

कुराणाच्या चौथ्या सूरेत म्हटलं आहे की नमाज श्रद्धावानांवर ठरावीक वेळांसह बांधील आहे. एकोणतिसाव्या सूरेत तिचा दुसरा हेतू येतो: ती निर्लज्ज आणि वाईट कृत्यांपासून रोखते. आणि एका प्रसिद्ध हदीसमध्ये नमाजेला दारासमोरून वाहणाऱ्या नदीची उपमा दिली आहे. तिच्यात रोज पाच वेळा अंघोळ करणाऱ्याच्या अंगावर मळ राहील का, असा तिथे प्रश्न आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की दिसतं, भर आहे तो परत परत येण्यावर. दिवस पाच ठिकाणी थांबवायचा. माणूस कामात, भांडणात, सौद्यात बुडालेला असतो, तिथून त्याला काढून पुन्हा आणायचा. म्हणून एखादा थांबा हुकला, तरी तो कायमचा पुसला जात नाही. तो अंगावर देणं म्हणून राहतो.

पण मंडळी, प्रवासात माणसाचं काय? आजारी माणसाचं काय? इथे शास्त्राने दोन वेगळ्या तऱ्हा ठेवल्या आहेत. आजाऱ्याची नमाज कमी होत नाही, तिचं रूप बदलतं. प्रवाशाच्या नमाजेचं रूप तेच राहतं, ती लांबीने कमी होते. हा फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या पाहू.

आधी आजारी माणूस. इम्रान बिन हुसैन नावाच्या सहकाऱ्यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी विचारलं, नमाज कशी पढू? उत्तर मिळालं: उभं राहून, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. इमाम बुखारी यांनी ही हदीस दिली आहे, आणि आजाऱ्याच्या नमाजेचं सगळं शास्त्र या तीन पायऱ्यांवर उभं आहे. पायरी उतरायची ती शरीराने नाकारलं म्हणून, कंटाळा आला म्हणून नव्हे. ज्याला उभं राहता येतं पण गुडघे दुखतात म्हणून जमिनीवर वाकता येत नाही, त्याने रुकूसाठी थोडं वाकावं आणि सजद्यासाठी त्याहून जास्त वाकावं. मशिदीत खुर्चीवर बसलेली वृद्ध मंडळी आपण पाहतो, ती हेच करत असतात. पाणी लावल्याने जखम चिघळणार असेल किंवा आजार वाढणार असेल, तर वजूऐवजी तयम्मुम: स्वच्छ मातीवर हात टेकवून ते चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवायचे.

स्वतः प्रेषितांच्या शेवटच्या आजाराची हकिकतही याच अंगाने वाचली जाते. इ.स. ६३२. ताप चढलेला, पुन्हा पुन्हा शुद्ध हरपते, आणि शुद्धीवर येताच पहिला प्रश्न, लोकांनी नमाज पढली का? अखेर अबू बक्र यांना पुढे उभं राहायला सांगितलं गेलं. नंतर थोडं बरं वाटल्यावर दोघांच्या आधाराने प्रेषित मशिदीत आले आणि बसून नमाज पढले.

मग शुद्धच हरपली तर? इथे सहकाऱ्यांच्या पिढीतच दोन वेगळी उदाहरणं आहेत. अम्मार बिन यासिर यांची शुद्ध हरपली आणि जुहर, असर, मगरिब, इशा अशा चार नमाजा त्यात गेल्या. रात्री शुद्ध आल्यावर त्यांनी चारही भरून काढल्या. अब्दुल्ला बिन उमर यांची शुद्ध हरपली तेव्हा त्यांनी गेलेल्या नमाजा भरल्या नाहीत. पुढे हनफी परंपरेने दोन्ही उदाहरणं जुळवून मर्यादा घातली: बेशुद्धी एक दिवस-रात्रीच्या आत असेल, म्हणजे गेलेल्या नमाजा पाचाहून अधिक नसतील, तर त्या भरायच्या, त्याहून लांबली तर माफ. शाफई परंपरेने म्हटलं की नमाजेची पूर्ण वेळ बेशुद्धीत गेली, आणि ती बेशुद्धी माणसाने स्वतःहून ओढवून घेतलेली नसेल, तर कजा बंधनकारक नाही. झोप मात्र दोघांच्याही मते वेगळी. झोपेत गेलेली नमाज भरायचीच. खैबरचा प्रसंग आठवा.

बायकांच्या मासिक पाळीत नमाज नाही, आणि तिची भरपाईही नाही. रोजे मात्र नंतर भरायचे असतात. हजरत आयशा यांना हा फरक विचारला गेला, तेव्हा आम्हाला असंच सांगितलं होतं, एवढंच त्यांनी सांगितल्याची नोंद आहे. रोजे वर्षातून एक महिना, नमाज रोज पाच वेळा. भरपाईचं ओझं किती साचेल, हे कारण पुढच्या शास्त्रकारांनी दिलं.

आता प्रवास. दिवसाच्या फर्ज रकाती आहेत सतरा: फजरच्या दोन, जुहरच्या चार, असरच्या चार, मगरिबच्या तीन, इशाच्या चार. प्रवासात चार रकातींच्या तीनही नमाजा दोन-दोन होतात. म्हणजे सतराच्या अकरा. फजर मुळातच दोन, ती तशीच. मगरिब तीन, तिचे दोन भाग होत नाहीत, म्हणून तीही तशीच. या आखडण्याला ‘कसर’ म्हणतात. मगरिबही आखडते असं समजून दोन रकाती पढणारे अधूनमधून भेटतात. ती नमाज होत नाही.

कसरचा आधार कुराणाच्या चौथ्या सूरेत आहे. पण तिथे प्रवासाबरोबर शत्रूच्या भीतीचीही अट दिसते. मग भीती संपल्यावर काय? याला बिन उमय्या यांनी हाच प्रश्न हजरत उमर यांना विचारला. उमर म्हणाले, मलाही हेच कोडं पडलं होतं, म्हणून मी प्रेषितांना विचारलं. उत्तर असं मिळालं होतं की ही ईश्वराने तुम्हाला दिलेली देणगी आहे, ती घ्या. त्यामुळे सुरक्षित रस्त्यावरही कसर राहिली.

आता इथून पुढे खरा इतिहास सुरू होतो. ही देणगी घेतलीच पाहिजे, की नाही घेतली तरी चालेल?

हजयात्रेत मिना या ठिकाणी प्रेषितांनी दोन रकाती पढल्या होत्या. अबू बक्र यांनी दोन, उमर यांनी दोन. तिसरे खलिफा उस्मान यांनीही सुरुवातीला दोनच पढल्या. पण खिलाफतीची काही वर्षं उलटल्यावर त्यांनी मिनात पूर्ण चार पढल्या. मोठी खळबळ उडाली. उस्मान यांच्या बाजूने नंतर कारणं सांगितली गेली: मक्केत त्यांचं घरदार झालं होतं, किंवा दूरदूरचे नवे मुस्लिम हजला येतात, ते दोन रकाती पाहून गावी परत जातील आणि नमाज दोनच रकातींची असं समजतील. कूफ्याचे थोर सहकारी अब्दुल्ला बिन मसूद यांना हे कळलं तेव्हा त्यांनी शोक व्यक्त केला. आम्ही प्रेषितांबरोबर इथे दोन पढलो, असं ते म्हणाले. पण नमाजेला उभे राहिले तेव्हा त्यांनी उस्मान यांच्या मागे चारच पढल्या. का, असं विचारल्यावर म्हणाले, फाटाफूट वाईट.

या एका प्रसंगाकडे दोन परंपरांनी दोन बाजूंनी पाहिलं. कूफ्यातल्या विद्वानांची परंपरा इब्न मसूद यांच्यापासून चालत आली, आणि त्यातूनच इमाम अबू हनीफा यांचा हनफी पंथ उभा राहिला. अबू हनीफा यांचा मृत्यू इ.स. ७६७ चा. त्यांनी इब्न मसूद यांचा शोक धरला, आणि आयशा यांची एक हदीस जोडली: मुळात नमाज दोन-दोन रकातींचीच होती, प्रवासाची तशीच राहिली आणि घरी असणाऱ्याची वाढवली गेली. म्हणजे प्रवाशासाठी दोन ही काटछाट नाही, तीच पूर्ण नमाज. मग चार पढणं चूक. याउलट इमाम शाफई, जे इ.स. ८२० मध्ये इजिप्तमध्ये वारले, त्यांच्या परंपरेने इब्न मसूद यांची कृती धरली. दोनच अनिवार्य असत्या, तर इब्न मसूद चार पढलेच नसते. म्हणून कसर ही सवलत आहे. घेणं चांगलं, पण पूर्ण पढली तरी नमाज होते.

मंडळी, हा मतभेद आपल्यासाठी दूरचा नाही. आपल्या महाराष्ट्रात दोन्ही परंपरा शेजारी-शेजारी नांदतात. कोकणातले मुस्लिम बहुतांशी शाफई, आणि घाटावरचे, मराठवाड्यातले, विदर्भातले बहुतांशी हनफी. याचं कारण इस्लाम आपल्याकडे दोन वाटांनी आला हे आहे. कोकणात तो समुद्राने आला. अल-मसूदी हा अरब प्रवासी इ.स. ९१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला, तेव्हा तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेल्या मुस्लिमांची मोठी वस्ती असल्याचं त्याने लिहिलं आहे. पुढे अरबस्तानाच्या किनाऱ्यांशी चाललेल्या या ये-जा करण्यातून शाफई परंपरा पश्चिम किनाऱ्यावर रुजली. चौदाव्या शतकात इब्न बतूता होन्नावरच्या लोकांना शाफई म्हणून नोंदवतो. दख्खनच्या पठारावर मात्र इस्लाम मुख्यतः उत्तरेकडून, दिल्ली आणि मध्य आशियाच्या वाटेने आला, आणि तिकडे हनफी परंपरा होती. आजही मुंबईतल्या नमाजेच्या वेळापत्रकात असरच्या दोन वेळा छापलेल्या दिसतात. शाफईंची असर वस्तूची सावली तिच्याएवढी वाढली की सुरू होते, हनफींची दुप्पट वाढल्यावर.

आता हे सगळं एका उदाहरणावर तपासून पाहू. उदाहरण आपण कल्पनेचं घेऊ. दोन गृहस्थ आहेत. एक चिपळूणकडचे, शाफई. दुसरे बीडचे, हनफी. दोघेही मुंबईला एकाच रुग्णालयात उपचारासाठी निघाले आहेत. दोघांनाही डॉक्टरांनी आठ दिवस राहावं लागेल असं सांगितलं आहे.

पहिला प्रश्न, ते शास्त्राच्या भाषेत मुसाफिर आहेत का? हनफींनी मोजमाप धरलं तीन दिवसांच्या मध्यम चालीचं. शाफईंनी दोन मजलांचं, म्हणजे सोळा फरसखांचं. आपल्याकडचे बरेच हनफी उलेमा ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर धरतात. बरेलवी परंपरेत ९२ किलोमीटर धरतात. शाफई हिशेब साधारण ८० किलोमीटरच्या पुढे जातो. हे अंतर एका बाजूचं मोजायचं. पुण्याहून लोणावळ्याला जाऊन संध्याकाळी परतणारा जाण्यायेण्याची बेरीज करून मुसाफिर होत नाही. आपले दोन्ही गृहस्थ मात्र मर्यादेच्या कितीतरी पुढे चालले आहेत, म्हणून दोघेही मुसाफिर.

कसर कधी सुरू होईल? अंतर पूर्ण झाल्यावर नाही, तर आपल्या गावाची वस्ती मागे पडताच. प्रेषितांनी हजला निघताना मदीनेत जुहरच्या चार रकाती पढल्या आणि काही मैलांवरच्या जुल-हुलैफाला असरच्या दोन. त्यामुळे घरातून निघण्यापूर्वी कसर नाही, आणि परत येताना गावाची वस्ती लागली की कसर संपली.

वाटेत गाडी दुपारभर थांबत नाही. चिपळूणकडच्या गृहस्थांना शाफई मतानुसार जुहर आणि असर एकत्र पढता येतील, दोन्हीपैकी कोणत्याही एकीच्या वेळेत. तबूकच्या मोहिमेत प्रेषितांनी असं केल्याची हदीस मुआज बिन जबल यांनी सांगितली आहे. मगरिब आणि इशाही अशाच जोडता येतात. पण फजर कशाशीच जोडता येत नाही, आणि असर मगरिबला जोडता येत नाही. बीडच्या गृहस्थांना हनफी मतानुसार अशी जोड फक्त हजमध्ये, अरफात आणि मुजदलिफा इथेच. इतरत्र त्यांनी फार तर जुहर तिच्या वेळेच्या अगदी शेवटी आणि असर तिच्या वेळेच्या अगदी सुरुवातीला पढावी. एकदाच उतरायचं, दोन्ही उरकायच्या, पण प्रत्येक आपापल्या पट्ट्यात.

मुंबईत पोचल्यावर गंमत होते. हनफी मतात पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याचा निश्चय असेल तरच माणूस मुक्कामी ठरतो. बीडचे गृहस्थ आठ दिवसच राहणार, म्हणून ते आठही दिवस कसर करतील. शाफई मतात येण्याचा आणि जाण्याचा दिवस सोडून पूर्ण चार दिवसांचा निश्चय असला की माणूस मुक्कामी. म्हणून चिपळूणकडचे गृहस्थ मुंबईत पोचल्यापासूनच पूर्ण नमाज पढतील. एकाच खोलीत शेजारच्या खाटांवर एक दोन रकाती पढतो आणि दुसरा चार, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

पण डॉक्टर तारीखच सांगत नसतील तर? अहवाल आले की सोडू, आज नाही तर उद्या, असं चाललं असेल तर? हा प्रश्न जुनाच आहे. मक्का जिंकल्यावर इ.स. ६३० मध्ये प्रेषित तिथे कामासाठी राहिले. इब्न अब्बास एकोणीस दिवस सांगतात, इतर नोंदींत सतरा-अठराही आहेत. त्या सगळ्या दिवसांत कसर झाली. त्यावरून शाफईंनी म्हटलं, काम कधीही संपेल अशी अपेक्षा असेल तर अठरा दिवसांपर्यंत कसर करावी. हनफींनी तर मर्यादाच ठेवली नाही. पंधरा दिवसांचा निश्चय नाही तोवर उद्या-उद्या करत महिने गेले तरी माणूस मुसाफिरच.

इथे एक चूक फार वेळा होते. मुसाफिर मोहल्ल्याच्या मशिदीत स्थानिक इमामाच्या मागे जुहरला उभा राहतो आणि दोन रकातींनंतर सलाम फिरवून बाहेर पडतो. ते चालत नाही. मुक्कामी इमामाच्या मागे मुसाफिरानेही पूर्ण चार पढायच्या, हे दोन्ही पंथांना मान्य आहे. उलट इमाम मुसाफिर असेल, तर तो दोनवर थांबतो आणि स्थानिक लोक उरलेल्या दोन पूर्ण करतात. उमर मक्केत नमाज पढवायचे तेव्हा दोन रकातींनंतर मक्केकरांना सांगत, तुम्ही पूर्ण करा, आम्ही प्रवासी आहोत.

आता आजारपण आणि प्रवास एकत्र आणू. समजा उपचारांनंतर अंगात उठण्याचंही बळ नाही. दोघेही मानेच्या इशाऱ्याने नमाज पढतील, सजद्याचा इशारा रुकूपेक्षा खाली. मानही हलत नसेल तर? हनफी मतात ती नमाज तेवढी पुढे ढकलली जाते, आणि अशी स्थिती एक दिवस-रात्रीहून लांबली तर माफ होते. शाफई मतात डोळ्यांनी, तेही नाही तर मनातल्या मनात. शुद्ध आहे तोवर नमाज आहे. आजारासाठी दोन नमाजा जोडाव्यात का, यावर हनफी नाही म्हणतात, शाफईंचं प्रचलित मतही नाही असंच आहे. पण त्याच पंथाचे मोठे विद्वान इमाम नववी यांनी जोडण्याची मुभा अधिक भक्कम मानली, आणि हंबली पंथ ती देतोच.

आणि आता शेवटचा धागा. समजा परतीच्या वाटेवर दोघांचीही जुहर झोपेत गेली. घरी पोचल्यावर आठवण झाली. भरायच्या किती? बीडचे गृहस्थ दोन भरतील. हनफींच्या मते वेळ संपली त्या क्षणी देणं ठरलं; प्रवासात दोनचं देणं झालं, तर फेडही दोनचीच. चिपळूणकडचे गृहस्थ चार भरतील. शाफईंच्या मते दोन ही प्रवासापुरती सवलत होती. प्रवास संपला, सवलतीचं कारण संपलं. उलट घरी असताना चुकलेली जुहर प्रवासात भरायची असेल, तर दोघेही चारच भरतील. मिनातला तो जुना मतभेद इथे चिपळूण आणि बीडच्या घरांत हिशेबाच्या रूपाने येऊन उभा राहतो.

क्रमाचंही थोडं सांगायला हवं. इ.स. ६२७ मध्ये खंदकाच्या वेढ्यात एकदा असर चुकली. सूर्य मावळल्यावर प्रेषितांनी आधी असर पढली, मग मगरिब. यावरून हनफींनी, चुकलेल्या नमाजा पाच किंवा त्याहून कमी असतील तर त्या क्रमाने आणि चालू नमाजेच्या आधी भरणं आवश्यक मानलं. सहा झाल्या की क्रमाचं बंधन सुटतं. वेळच संपत आली असेल, तर चालू नमाज आधी. शाफई क्रम चांगला मानतात, आवश्यक नाही.

आणि कारण नसताना, जाणूनबुजून सोडलेली नमाज? चारही सुन्नी पंथ म्हणतात, तिचीही कजा आहे, शिवाय पश्चात्तापही. स्पेनचे इब्न हज्म आणि दमास्कसचे इब्न तैमिया यांनी वेगळं मत मांडलं: झोप आणि विस्मरण यांना भरपाईची वाट आहे, मुद्दाम सोडलेलीला ती नाही, तिथे फक्त पश्चात्ताप आणि पुढची सत्कृत्यं. हे मत सवलतीचं वाटतं, पण आहे कडक. त्यांचं म्हणणं असं की देणं फेडण्याचीही एक वेळ असते.

म्हणून सुरुवातीच्या दोन प्रश्नांचं उत्तर एकत्रच द्यावं लागतं. नमाजेचा हेतू स्मरण असेल, तर विसरणं आणि झोपणं हा गुन्हा ठरत नाही, पण आठवल्यावर टाळणं ठरतं. शरीर थकलं तर स्मरणाला उभं राहण्याची गरज नाही. वाट लांब असेल तर ते आखूड होऊ शकतं. बारकावे वेगळे होतात ते कोणत्या शहरात, कोणत्या गुरूंकडून ही परंपरा पुढे आली त्यावर. कूफ्याहून एक वाट घाटमाथ्यावर आली, समुद्रावरून दुसरी वाट कोकणात आली. ज्याला आपला प्रश्न विचारायचा असेल, त्याने आधी आपण कोणत्या वाटेवरचे ते पाहावं आणि त्या वाटेवरच्या जाणकाराला विचारावं. दोन्ही वाटांमधल्या फक्त सोयीच्या सवलती वेचून एक तिसरीच नमाज तयार करणं, हे मात्र दोन्हीकडच्या जुन्या शास्त्रकारांना मान्य नव्हतं.